बाईंच्या नोटिशीचं दुसरं पान

अन्याय कुणावर झाला ते आधी लिहिते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या, आमच्या वाडीतल्या दोन पिढ्यांना बाराखडी शिकवलेल्या एका बाईंवर. कधी झाला: मागच्या भाऊबीजेनंतरच्या सोमवारी, सकाळी सव्वानऊ वाजता. कुठे: चौलच्या रस्त्याला लागण्याआधी जो नाका आहे, तिथल्या सेवा केंद्रात, दोन नंबरच्या संगणकावर. हत्यार काय होतं? माऊस. तो बाईंच्याच हातात होता, आणि पुढे जे लिहितेय ते सगळं याच गोष्टीमुळे लिहायला अवघड जातंय.

मी संघटनेचं काम करते. पत्रकं लिहिते, वाटते, सभेत ओरडते. रेशन बंद झालं, घरपट्टी दुप्पट लागली, मिठागराचा बांध फुटला, की लोक माझ्याकडे येतात. कागद वाचून त्यात काय लिहिलंय ते सांगणं हे माझं रोजचं काम. म्हणून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई माझ्या पडवीत आल्या, तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही.

‘जयभीम पोरी. चष्मा लाव नि हे बघ जरा,’ असं म्हणून त्यांनी मोबाइल पुढे केला.

फोटो होता. कागदाचा नव्हे, संगणकाच्या पडद्याचा. त्यावर माशांच्या खवल्यांसारख्या आडव्या रेषा आल्या होत्या आणि वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाइट चमकत होती. आयकर खात्याचं पत्र, अथपासून इतिपर्यंत इंग्रजीत. हा फोटो बाईंना सेवा केंद्रवाल्याने पाठवला होता, कारण पत्र बाईंना आलंच नव्हतं. ते त्याच्या ईमेलवर आलं होतं. आमच्या पंचक्रोशीतल्या निम्म्या पेन्शनवाल्यांचं आयकराच्या पोर्टलवर जे खातं आहे, त्याला या एकाच माणसाचा ईमेल लावलेला आहे. पासवर्ड त्याच्याकडे लाल पुठ्ठ्याच्या वहीत लिहिलेले असतात. यात त्याचा काही कावा नाही. ईमेल विचारल्यावर बाई म्हणाल्या होत्या, ‘तुझाच टाक.’ सगळेच तसं म्हणतात.

मी फोटो मोठा केला. बाई शेजारी बसल्या, पदराने चष्मा पुसत. मराठी वर्तमानपत्र त्या अग्रलेखासकट वाचतात. पाली भाषेतल्या गाथा त्यांना पाठ आहेत. शासनाच्या परिपत्रकातलं ‘उपरोक्त संदर्भान्वये’ त्यांना झोपेतही कळेल. आणि ज्या शासनाच्या शाळेत त्यांनी आयुष्य घालवलं, त्याला त्यांच्याकडे पैसे मागायचे होते तेव्हा त्यांना न येणारी भाषा सुचली. मी हे तेव्हाही बोलून दाखवलं.

‘भाषण नको,’ बाई म्हणाल्या. ‘काय लिवलंय ते सांग.’

मी सांगितलं. सोप्या मराठीत, मला जमतं तसं.

‘बाई, तुम्ही उन्हाळ्यानंतर विवरणपत्र भरलंत ना, वर्षभराच्या कमाईचं? ते त्यांनी तपासलं. माणसाने नव्हे, यंत्राने. त्यांच्या हिशेबाने तुमचा कर कमी भरला गेलाय. एकवीस हजार आठशे चाळीस रुपये बाकी दाखवतायत. तीस दिवसांत भरायचे. नाही भरले तर पुढे महिन्याला टक्काभर व्याज.’

बाईंनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी एकच विचारलं. ‘म्हणजे मी चोरी केली?’

‘चोरी कसली? हिशेबात फरक आला म्हणतायत.’

‘फरक म्हणजे कुणीतरी खोटं बोललं. यंत्र तर खोटं बोलत नसेल. मग मीच उरले.’

मी हसले. त्या हसत नव्हत्या. आकड्याचं त्यांना फारसं वाटलं नव्हतं, अर्ध्या महिन्याच्या पेन्शनपेक्षाही तो कमी होता. त्यांना टोचत होतं ते आपलं नाव थकबाकीदारांत लागल्याचं. वाडीत एखाद्याने सोसायटीचं कर्ज बुडवलं की त्याच्या पोरांना बाई वर्गात मुद्दाम पुढे बसवायच्या, त्यांना कुणी चिडवू नये म्हणून. नाव खराब होणं म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं.

मी पुढे सांगितलं. इथे मी जे बोलले ते शब्दन् शब्द लिहिते, कारण दोष कुठे आहे ते दिसलं पाहिजे. ‘पोर्टलवर उत्तर द्यायचं असतं. मागणी मान्य आहे किंवा अमान्य आहे, दोनच पर्याय. घाई नाही. मी दिघीला चाललेय, मच्छीमारांची बैठक आहे. बुधवारी येते, मग आपण दोघी जाऊ.’

एवढंच. फोटो पहिल्या पानाचा होता. पत्राला आणखी पानं असतील हे मला कळायला हवं होतं. मी मागितली नाहीत. आणि मान्य केलं की काय होतं, तेही सांगितलं नाही. कारण मलाच माहीत नव्हतं. लोकांना कागद समजावून सांगणारी मी, आणि जे मला समजलं नव्हतं त्यालाच मी सोपं मराठी म्हणत होते.

बुधवारी दिघीहून आगरदांड्याची फेरीबोट पकडून, पुढे दोन गाड्या बदलून घरी आले, तर बाई दारातच भेटल्या. चेहरा मोकळा. हातात कोहाळ्याच्या वड्यांचा डबा.

‘काम झालं गो,’ त्या म्हणाल्या. ‘मान्य करून टाकलं.’

‘काय?’

‘मान्य. सोमवारी केंद्र उघडल्या उघडल्या गेले. आता फक्त विनंती अर्ज लिहायचा राहिलाय. तो तू लिही. तुझं अक्षर चांगलं नाही, पण मजकूर बरा असतो.’

त्यांनी डबा माझ्या हातात ठेवला. मग त्यांनी मला समजावलं, चौथीच्या मुलीला समजावतात तसं. शाळेत ऑडिट व्हायचं. लेखापरीक्षक कधी म्हणायचा, तुम्हाला वेतनवाढ एक महिना आधी दिली गेली, वसुली निघते. मग काय करायचं? भांडायचं नाही. आधी सही करायची: ‘वसुली मान्य.’ त्याने साहेबाचा कागद पुरा होतो, साहेब शांत होतो. मग दोन दिवसांनी विनंती अर्ज घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचं. सोबत सेवापुस्तकाची प्रत. ‘माझ्या अल्प माहितीप्रमाणे सदर वसुली लागू होत नाही, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.’ बाईंच्या नोकरीत असं तीनदा झालं, तिन्ही वेळा वसुली रद्द झाली. जे शिक्षक सुरुवातीलाच ‘अमान्य’ लिहायचे, त्यांच्या फायली वर्षानुवर्षं पडून राहायच्या आणि बदली म्हसळ्याच्या डोंगरात व्हायची. जिल्हा परिषदेतल्या सगळ्या शिक्षकांना हे माहीत असतं. आधी मान, मग विनंती.

‘आणि दुसरं,’ बाई म्हणाल्या, ‘मी सरकारच्या पगारावर घर चालवलं. पहिल्याच फटक्याला नाही म्हणायचं? ते शोभत नाही.’

मी डबा तिथेच ठेवला आणि नाक्यावर गेले.

केंद्रवाला पन्नाशीचा आहे. तोही बाईंचाच विद्यार्थी. मला बघून त्याने पंखा माझ्याकडे वळवला.

‘तू मान्य दाबू दिलंस?’

‘बाय, मी दाबलं न्हाय. बाईंनी दाबलं. मी निस्ता बाण कुठं न्यायचा ते दावला.’

‘बटणाखाली काही लिहिलं होतं का? वाचलंस?’

‘लिवलेलं हाय काहीतरी लाल अक्षरांत. इंग्रजीत. दिवसाला अशी पन्नास लाल अक्षरं येतात, सगळी वाचत बसलो तर धंदा बंद.’ मग जरा थांबून, ‘बाई म्हणल्या मान्य. मी बाईंला न्हाय म्हणू? तुला जमलं असतं?’

मला जमलं नसतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

त्याने बाईंचं खातं उघडून दाखवलं. त्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं की मागणी बरोबर आहे असं एकदा कळवलं, की नंतर असहमती दाखवता येणार नाही. एक वाक्य. मराठीत बारा शब्दांत मावलं असतं. बाईंनी ते वाचलं असतं, तर त्यांनी हात मागे घेतला असता. पोरांच्या वहीतलं प्रत्येक वाक्य वाचल्याशिवाय त्यांनी कधी खाली सही केली नाही.

‘पत्राची बाकीची पानं दाखव,’ मी म्हणाले.

‘सगळी पाहिजेत? एकाच पानात कळतं की किती भरायचं ते.’

त्याने पीडीएफ उघडली. तिला पासवर्ड असतो, पॅन नंबर लहान अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख. वहीत बघून त्याने तो टाकला. पुढच्या पानांवर तक्ता होता. दोन रकाने. डावीकडे करदात्याने विवरणपत्रात काय सांगितलं, उजवीकडे खात्याने काय मोजलं. आता हे ऐका, कारण हे कुणीही करू शकतं, इंग्रजी येत नसलं तरी. दोन्ही रकान्यांतले आकडे ओळीओळीने जुळवत जायचे. बाईंची पेन्शन डावीकडे जेवढी, उजवीकडे तेवढीच. ठेवीवरचं व्याज तेवढंच. एकूण उत्पन्न तेवढंच. कर तेवढाच. म्हणजे बाई एका पैशानेही खोटं बोललेल्या नव्हत्या. खात्याला त्यांची सगळी कमाई मान्य होती. फरक फक्त एका ओळीत होता: आधीच कापला गेलेला कर. डावीकडे एकोणतीस हजार चारशे. उजवीकडे सात हजार पाचशे साठ.

त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत मी बाईंच्या ओट्यावर बसून हे त्यांना सांगितलं. या वेळी कागद छापून नेला होता, आणि पेन्सिलने त्या ओळीखाली रेघ मारली होती.

‘बाई, तुमच्या हातात पैसे येण्याआधीच दोन ठिकाणी कर कापला जातो. पेन्शनवर, आणि बँकेतल्या ठेवीच्या व्याजावर. कापणारा तो पैसा सरकारात भरतो आणि कुणाच्या नंबरावर भरला ते कळवतो. पेन्शनवरचा तुमच्या नंबरावर पोचला. हे सात हजार. बँकेने कापलेला मात्र तुमच्या नंबरावर दिसत नाही. म्हणून यंत्र म्हणतं, हा भरलाच नाही.’

‘पण बँकेने कापलाय. मी पासबुकात बघितलंय.’

‘कापलाय. भरलाही असेल. पण कुणाच्या नावावर?’

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग उठून आत गेल्या आणि ठेवीच्या पावत्या घेऊन आल्या. त्या त्यांच्या ग्रॅच्युइटीच्या आणि भविष्य निर्वाह निधीच्या पैशांच्या होत्या. तेहतीस वर्षांचा घाम. पावतीवर दोन नावं. पहिलं त्यांच्या यजमानांचं, दुसरं बाईंचं.

यजमान कारखान्यात वायरमन होते. त्यांना जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती.

‘यांचं नाव वर कसं?’ मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

‘वरच असतं. रेशन कार्डावर, वीजबिलावर, घराच्या उताऱ्यावर. बँकेतला म्हणाला, पहिलं नाव कुणाचं घालू? मी म्हटलं, यांचं. त्यांनी मागितलं नव्हतं. ते तर बाहेर उन्हात उभे होते, आत यायलाच तयार नव्हते, म्हणाले, तुझे पैसे, तू बघ.’ बाईंनी पावतीची घडी घातली, परत उलगडली. ‘मला वाटलं, लोक काय म्हणतील. बायकोचं नाव वर, नवऱ्याचं खाली.’

बँकेत असं असतं की ठेव दोघांच्या नावाची असली तरी व्याजावरचा कर पहिल्या नावाच्या पॅनवर जातो. यजमान गेले, ठेवींची मुदत आपोआप वाढत गेली, बाईंनी बँकेला कळवलं नाही आणि बँकेनेही विचारलं नाही. दोन वर्षं बाईंच्या व्याजातून कर कापला जात होता आणि एका मेलेल्या माणसाच्या नंबरावर जमा होत होता. पहिल्या वर्षी व्याज कमी होतं, विवरणपत्रात कुणी दाखवलंच नाही, काही कळलं नाही. या वर्षी बाईंनी हट्टाने सगळं दाखवायला लावलं, पै न् पै. सगळं खरं सांगितल्यामुळेच त्या अडकल्या.

‘बाई, तुम्ही मान्य केलं नसतं तर आपण हे कारण लिहून अमान्य करू शकलो असतो.’

बोलून गेले. हे मला बोलायची गरज नव्हती. बाईंनी पावत्या नीट एकावर एक लावल्या.

‘तू आज येणारच होतीस,’ त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. ‘मी थांबायला हवं होतं. पण मला ते नाव लागलेलं बघवत नव्हतं.’

गुरुवारी आम्ही बँकेत गेलो. साहेब तरुण होता, सभ्य होता, आणि त्याच्या टेबलामागे मराठी भाषा पंधरवड्याचं भित्तिपत्रक लावलेलं होतं. ते मी लिहिल्याशिवाय राहणार नाही. त्याने मृत्यूचा दाखला बघितला, पावत्या बघितल्या.

‘आजी, हे तेव्हाच कळवायला पाहिजे होतं.’

‘कळवायला हवं होतं,’ बाई म्हणाल्या. इथेही मान्य.

मी म्हणाले, ‘पैसे त्यांचे होते, व्याज त्यांचं होतं. कर त्यांच्या नावावर वळवा. तशी दुरुस्ती करता येते ना?’

‘येते. पण ज्यांच्या नावावर कर गेला त्यांनी आम्हाला घोषणापत्र द्यावं लागतं, की हे उत्पन्न माझं नसून हिचं आहे. मग आम्ही पुढे तसं दाखवतो.’

‘ते वारलेत.’

‘तोच तर प्रॉब्लेम आहे ना मॅडम.’

‘मग वारसाने द्यायचं. वारस समोर बसल्यात.’

‘आमच्या शाखेतून होत नाही. मुंबईच्या कार्यालयाला पाठवतो. वेळ लागेल.’ मग तो बाईंकडे वळला. ‘आजी, तुम्ही खात्याला काय उत्तर दिलंय?’

‘मान्य म्हणून.’

त्याने हात पसरले. ‘बघा. तुम्हीच मान्य केलंय की बाकी आहे. आता आमची चूक म्हणून आम्ही वर काय लिहू?’

माझा आवाज चढला. मी म्हणाले, पैसे कापून घेतलेत ते कुठे आहेत ते सांगा. तो म्हणाला, सरकारात. मी म्हणाले, मग सरकार परत का मागतंय. तो म्हणाला, ते सरकारला विचारा. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बाईंनी माझा दंड धरला. ‘चल,’ त्या म्हणाल्या, ‘त्याच्या हातात असतं तर त्याने केलं असतं.’ अर्ज आम्ही दिला, पोच घेतली. ठेवींवरचं पहिलं नाव मात्र त्याने पंधरा दिवसांत बदलून दिलं. पुढच्या करासाठी. मागच्यासाठी नाही.

अलिबागला एका सनदी लेखापालाकडे गेलो. त्याने फी घेतली नाही, चहा दिला, आणि सगळी पानं शेवटपर्यंत वाचली. असा माणूस मला या प्रकरणात एकच भेटला. तो म्हणाला, दुरुस्त विवरणपत्र डिसेंबरअखेरपर्यंत भरता येतं. त्यात कापलेल्या कराच्या रकान्यात ‘दुसऱ्या व्यक्तीच्या नावावर’ अशी सोय आहे, तिथे यजमानांचा पॅन टाकू. पण बँकेने तिच्या बाजूने दुरुस्ती कळवली नाही, तर यंत्र ते उचलेल याची खात्री नाही. सुरुवातीला असहमती नोंदवली असती, तर बँकेचं होईपर्यंत वसुली थांबवा असं निदान मागता आलं असतं.

‘आता तुम्ही कबूल केलेली बाकी आहे ती,’ तो म्हणाला. ‘तीस दिवस उलटले की व्याज चालू.’

परत येताना एसटीत बाई खिडकीकडे बसल्या होत्या. कंडक्टरने अर्धं तिकीट दिलं, त्यांनी कोपरे जुळवून त्याची घडी घातली. मी म्हणाले, आपण लढू, तक्रार करू, वर्तमानपत्रात देऊ. बाई म्हणाल्या, ‘कुणाशी?’

पत्रकात नेहमी एक नाव असतं. अमक्याचा धिक्कार असो. इथे धिक्कार कुणाचा करायचा? बटण बाईंनी दाबलं. दाखवलं त्यांच्या विद्यार्थ्याने. समजावलं मी. पहिलं नाव घातलं संसाराने. कर कापला नियमाने. नोटीस काढली यंत्राने. सगळे बरोबर होते आणि सगळ्यांनी मिळून एका सत्तरीच्या बाईकडून एकच कर दोनदा घेतला.

नाक्यावर उतरलो, तर केंद्रवाल्याने एक युक्ती काढून ठेवली होती. त्याचं त्याला वाईट वाटत होतं, आम्हाला बघून तो धावत बाहेर आला. ‘बाई, आयडिया हाय. काकांच्या नावानं रिटर्न भरू. वारस म्हणून तुमची नोंद करू. व्याज त्यांचं दाखवू. त्यांची दुसरी कमाई न्हाय, म्हणजे कर न्हाय. कापलेला सगळा परत, तुमच्या खात्यात.’

‘ते गेले त्याच्या पुढच्या वर्षाचं?’ बाईंनी विचारलं.

‘यंत्राला काय ठाव?’

‘यंत्राला ठाऊक नसेल. मला आहे.’ मग जरा शांतपणे, ‘ते पैसे त्यांचे नव्हते रे. माझे होते. एकदा त्यांचं नाव वर घातलं ते पुरे झालं.’

नंतर त्या लेखापालाला फोनवर विचारलं, तर तोही म्हणाला, मेल्यानंतरच्या वर्षाचं उत्पन्न मेलेल्या माणसाचं असूच शकत नाही, भलतं काही करू नका. बाईंना त्याच्या सल्ल्याची गरज लागली नाही. त्यांचं आधीच ठरलं होतं.

एकोणतिसाव्या दिवशी त्यांनी पैसे भरले. त्याच केंद्रात, त्याच संगणकावर. एकवीस हजार आठशे चाळीस. केंद्रवाला पन्नास रुपये घेईना, बाईंनी घ्यायला लावले. पावती निघाली तेव्हा त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून वाचायचा प्रयत्न केला. तीही इंग्रजीत होती. आकडा मात्र कळला.

मी रडले. बाहेर येऊन, पानाच्या टपरीमागे. बाईंनी मला रडू दिलं आणि टपरीवाल्याकडून पाणी मागून आणलं.

दुरुस्त विवरणपत्र आम्ही भरलं होतं. त्याचं उत्तर यंदा आंबे मोहरले तेव्हा आलं. या वेळी केंद्रवाल्याने सगळ्या पानांचे फोटो पाठवले, सहाच्या सहा. मी बाईंच्या ओट्यावर बसून एकेक ओळ वाचली. कापलेला कर: अजूनही सात हजार पाचशे साठ. नंतर भरलेला: एकवीस हजार आठशे चाळीस. देणं शून्य. परतावा शून्य. मुंबईच्या कार्यालयाकडून बँकेला अजून काही आलेलं नाही. मी महिन्याला एकदा जाते. साहेब बदललाय.

‘शून्य म्हणजे?’ बाईंनी विचारलं.

‘म्हणजे आता तुमच्याकडे काही बाकी नाही. नाव साफ.’

‘ते आधीही होतं,’ बाई म्हणाल्या, आणि भाजी निवडायला बसल्या.

मी त्यांच्यासमोर बसून राहिले. मी ज्या ज्या कामाला गेले तिथून काहीतरी घेऊन आले, निदान एक आश्वासन. इथून काही नाही. त्यांनी मला दोन जुड्या निवडायला दिल्या. मी निवडल्या.

हे वाचणाऱ्या, आता तुझ्याशी बोलते. तुला इंग्रजी येतं, म्हणून कुणीतरी म्हाताऱ्या माणसाने आपल्या नोटिशीचा फोटो तुला पाठवलेला आहे. काकीने, शेजाऱ्याने, तुझ्या जुन्या बाईंनी. तू ‘बघतो नंतर’ म्हणालास, किंवा पहिलं पान बघून ‘काही नाही, एवढे भरायचे’ असं म्हणालीस. आज त्यांच्याकडे जा. फोन करू नकोस, जा. उरलेली सगळी पानं माग. दोन रकाने ओळीओळीने जुळव आणि फरक जिथे आहे तिथे त्यांचं बोट टेकव. कोणतं बटण दाबल्यावर परत फिरता येत नाही ते त्यांच्या भाषेत सांग, आणि तुला माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही’ असं स्वच्छ सांग. मग तू येईपर्यंत काही दाबणार नाही असं त्यांच्याकडून वदवून घे. आणि येतो म्हणालास त्या दिवशी ये.